रुग्णालयाला आभारपत्र: वाचून फाईलला न लागता कर्मचाऱ्यांच्या नोंदीत जाईल असं कसं लिहावं

बरं होऊन घरी आलेला रुग्ण पत्र लिहितो ते साधारण असं: ‘आपल्या रुग्णालयातील सर्व डॉक्टर व सिस्टर देवासारखे धावून आले, आम्ही आपले आजन्म ऋणी आहोत.’ भावना खरी असते, पण वैद्यकीय अधीक्षकांना या पत्राचं करता काहीच येत नाही. कोण, कधी, काय केलं हे त्यात नसतं. पत्र वाचलं जातं आणि फाईलला लागतं.

व्यवस्थापनाकडे जाणाऱ्या पत्राची कसोटी एकच आहे: त्यातलं प्रत्येक वाक्य ड्युटी रोस्टर आणि केसपेपर यांच्याशी ताडून पाहता आलं पाहिजे. तसं पत्र मासिक बैठकीत वाचता येतं आणि कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नस्तीत ठेवता येतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी परिचारिकेचा करार ठरावीक मुदतीचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी असा कागद तिच्या उपयोगाला येतो.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. कोकणातला एक शेतकरी, वय 46. भात लावणीच्या दिवसांत, 9 जुलैला संध्याकाळी 6:40 वाजता बांधावर घोणस चावली. 108 च्या रुग्णवाहिकेतून 7:35 ला उपजिल्हा रुग्णालयात दाखल, 14 जुलैला घरी.

## टप्पा 1: लिहायची वेळ ठरवा

घरी आल्या आल्या लिहू नका आणि दिवाळीपर्यंतही थांबू नका. पहिली फेरतपासणी झाल्यानंतरचा आठवडा सगळ्यात बरा. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणून डिस्चार्जनंतर क्रिएटिनिन पुन्हा तपासायला बोलावतात. तो रिपोर्ट हातात येण्याआधी ‘मी पूर्ण बरा झालो’ असं सही करून लिहिण्यात घाई होते.

उशीर का नको? उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत अनेक डॉक्टर बंधपत्रावर असतात आणि मुदत संपली की जातात. परिचारिकांचे कक्ष बदलतात. तीन-चार महिन्यांनी ‘त्या उंच सिस्टर’ कोण, हे कक्षातही कोणाला सांगता येत नाही.

आपल्या उदाहरणात फेरतपासणी 21 जुलैला झाली आणि पत्र 25 जुलैला गेलं.

## टप्पा 2: कागद आणि वेळा जमवा

हा टप्पा लोक सोडून देतात, आणि पत्र फसतं ते इथेच. लिहायला अर्धा तास पुरतो, जमवाजमवीला दोन दिवस ठेवा.

आधी डिस्चार्ज कार्ड समोर घ्या. त्यावरून आंतररुग्ण नोंदणी क्रमांक, दाखल आणि सुटीच्या तारखा, कक्षाचं नाव आणि निदान जसंच्या तसं उतरवा. ‘घोणस’ असं कार्डावर नसेल आणि नुसतं ‘सर्पदंश’ असेल, तर तुम्हीही सर्पदंशच लिहा.

मग दाखल झालेल्या दिवसापासूनच्या घटनांची एक यादी करा. एकट्याच्या आठवणीवर जाऊ नका, कारण पहिल्या रात्री रुग्ण अर्धवट शुद्धीत किंवा घाबरलेला असतो. सोबत राहिलेल्या माणसाला विचारा. त्याच्या मोबाईलमधल्या कॉलच्या वेळा फार कामाला येतात: ‘आता इंजेक्शन सुरू केलं’ असं घरी कळवलेला फोन किती वाजता झाला, ते तिथे दिसतं.

उदाहरणातल्या रुग्णाची पहिली आठवण होती: ‘रात्री एका सिस्टरने रक्त काढलं, बाटली बघितली आणि लगेच औषध सुरू केलं.’ भावाच्या फोनवरून वेळा लावल्यावर चित्र बदललं. रक्त काढलं पावणेआठला. दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी कलती करून ते गोठलं की नाही हे पाहायचं, अशी ही चाचणी. म्हणजे नळी पाहिली गेली 8:05 ला. मधे आठ वाजले. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत पाळ्या सकाळी 8 ते 2, दुपारी 2 ते 8 आणि रात्री 8 ते सकाळी 8 अशा असतात. म्हणजे नळी ठेवणाऱ्या दुपारपाळीच्या आणि पाहणाऱ्या रात्रपाळीच्या, अशा सिस्टर दोन होत्या. पहिलीने पाळी सोपवताना दुसरीला नळीची वेळ सांगितली होती म्हणूनच ती वेळेवर पाहिली गेली. हे तपासलं नसतं तर श्रेय एकीलाच गेलं असतं. आणि रुग्णालयाच्या दृष्टीने खरी सांगण्यासारखी गोष्ट, म्हणजे पाळी बदलतानाही चाचणी निसटली नाही, ती पत्रात आलीच नसती.

सावधान: रात्रपाळीची तारीख. 10 जुलैला पहाटे सव्वादोनला घडलेली गोष्ट रोस्टरवर 9 जुलैच्या रात्रपाळीत असते. ‘10 तारखेच्या रात्री’ असं लिहिलंत तर अधीक्षक पुढच्या रात्रीचं रोस्टर काढतील आणि दुसऱ्याच परिचारिकेचं कौतुक होईल. लिहायची पद्धत: ‘9 जुलैच्या रात्रपाळीत, 10 तारखेच्या पहाटे सव्वादोनच्या सुमारास’.

## टप्पा 3: नावं आणि पदं नीट मिळवा

कक्षात आपण ‘सिस्टर’, ‘मामा’, ‘मावशी’ म्हणतो. पत्रात तेवढ्यावर भागत नाही. फेरतपासणीला जाल तेव्हा कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरना भेटा, हातातली तारीख-वेळ दाखवा आणि त्या पाळीला कोण होतं ते विचारा. पूर्ण नाव आणि पद एवढंच हवं. मोबाईल नंबर मागू नका.

पदांची नेहमी होणारी गल्लत अशी: कक्षात काम करणाऱ्या स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, कक्षाच्या इन्चार्ज म्हणजे परिसेविका आणि मेट्रन म्हणजे अधिसेविका. ‘वॉर्डबॉय’ला कक्षसेवक लिहा. तपासणीचं रक्त नेणारे-तपासणारे ते प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषध देणारे औषधनिर्माण अधिकारी. पद चुकलं तर पत्र रद्द होत नाही, पण परिसेविकेला ‘नर्स’ म्हटलेलं तिला लागतं, हेही खरं.

नाव मिळालंच नाही तर अंदाजाने घालू नका. ‘9 जुलैच्या रात्रपाळीत पुरुष कक्षात कामावर असलेले कक्षसेवक’ एवढं लिहिलं तरी रोस्टरवरून माणूस सापडतो.

108 रुग्णवाहिकेचं व्यवस्थापन वेगळं आहे. त्यातले डॉक्टर आणि चालक या रुग्णालयाच्या आस्थापनेवर नसतात. पत्रात त्यांचा उल्लेख एका वाक्यात करा, पण अधीक्षक त्यांच्या नोंदी करतील अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांना वेगळं पत्र द्या.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे तारीख, पाळी, ठिकाण आणि माणूस या चारही गोष्टी आहेत का? एक कमी असेल तर चालेल. दोन कमी असतील तर ती नोंद पत्रातून गाळा.

## टप्पा 4: तीनच प्रसंग निवडा

पाच दिवसांत पंधरा जणांनी चांगलं वागवलेलं असतं आणि कोणी राहू नये असं वाटतं. पण पंधरा नावांची यादी झाली की कोणाचंच काम दिसत नाही. तीन प्रसंग घ्या. बाकीच्यांचा उल्लेख शेवटी कक्षाच्या नावाने एका वाक्यात करा.

निवडताना मोठ्या डॉक्टरांपासून सुरुवात करू नका. ज्या कामामुळे पुढचं काम बिघडलं नाही, ते काम शोधा. उदाहरणात हे तीन ठरले.

पहिला, ती नळी. सिस्टरने ती टेबलाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात उभी केली आणि लादी पुसायला आलेल्या मावशींना सांगितलं, ‘टेबल हलवू नका, वीस मिनिटं.’ मावशींनी पलंगाची ती बाजू सोडून बाकीची लादी पुसली. नळी हलली तर निकालावर भरवसा राहत नाही, म्हणून या सूचनेला आणि ती पाळण्याला महत्त्व आहे.

दुसरा, प्रतिविषाची रिअॅक्शन. सव्वाआठला सर्पविषप्रतिबंधक लस सलाईनमधून सुरू झाली. पंधरा मिनिटांत अंगावर पित्त उठलं, हुडहुडी भरली. सिस्टर पलंगापाशीच उभ्या होत्या. त्यांनी सलाईन थांबवून डॉक्टरांना हाक मारली, डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन द्यायला सांगितलं, आणि त्रास ओसरल्यावर लस पुन्हा हळू सुरू केली.

तिसरा, पहाटे सव्वादोन. सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा करायची असते. डॉक्टर स्वतः आले, नळी पाहिली, रक्त गोठलं नव्हतं म्हणून दुसरा डोस सुरू केला आणि भावाला बाजूला नेऊन दोन वाक्यांत कारण सांगितलं.

## टप्पा 5: कौतुकाने कोणाला अडचणीत आणू नका

हे सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात येतं. पत्र व्यवस्थापनाकडे जाणार आहे, म्हणजे त्यातली स्तुती उद्या खुलाशाचं कारण होऊ शकते. खालील वाक्यं प्रेमाने लिहिलेली असतात आणि कर्मचाऱ्याला भोवतात:

- ‘भेटीची वेळ संपली होती तरी मामांनी सगळ्यांना आत सोडलं.’ हा नियमभंगाचा लेखी पुरावा झाला.
- ‘मावशींनी सलाईन बदललं.’ ते त्यांचं काम नाही. सिस्टर शेजारी होत्या की नव्हत्या, असा प्रश्न त्यातून उठतो.
- ‘सिस्टरने डॉक्टरांची वाट न बघता इंजेक्शन दिलं.’ तुम्हाला तोंडी सूचना ऐकू आली नसेल. जे पाहिलं तेवढंच लिहा: ‘सलाईन थांबवून लगेच डॉक्टरांना बोलावलं.’
- ‘औषध संपलं होतं, डॉक्टरांनी स्वतःच्या पैशाने आणून दिलं.’ हे साठ्याबद्दलचं निवेदन ठरतं. सांगायचं तर तोंडी सांगा.
- ‘आम्ही दिलेली भेट त्यांनी आनंदाने घेतली.’ सरकारी कर्मचाऱ्यांच्या भेटवस्तूंवर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 ची बंधनं आहेत. मिठाईचा पुडाही पत्रात नको, आणि पाकीट तर पत्रासोबतही नको.

दुसऱ्या दवाखान्याशी तुलनाही टाळा. ‘तिकडे हात वर केले, इथे वाचवलं’ हे लिहिलं की पत्र आभाराचं राहत नाही, दुसऱ्यावरच्या आरोपाचं होतं, आणि अधीक्षक ते फलकावर लावू शकत नाहीत. तक्रारीचंही तसंच. ‘फक्त संडास अस्वच्छ होते’ हे शेवटचं वाक्य आधीच्या तीन परिच्छेदांवर पाणी ओततं. संडास अस्वच्छ होते हे जरूर कळवा, पण वेगळ्या पत्राने, वेगळ्या तारखेला.

सावधान: हे पत्र म्हणजे सही केलेलं निवेदन आहे. सर्पदंशाची नोंद अनेक ठिकाणी वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून होते. विम्याचा किंवा अपघात अनुदानाचा दावा चालू असेल तर चावल्याची वेळ आणि जागा तिथे दिली तीच इथे हवी. रुग्णालयात येण्याआधी कोणी भगताकडे थांबलं असेल तर ते पत्रात लिहिलंच पाहिजे असं नाही, पण तो वेळ लपवायला चावल्याची वेळ पुढे सरकवू नका. केसपेपरवर खरी वेळ असते आणि पत्र खोटं पडतं.

## टप्पा 6: पत्राचा साचा आणि मसुदा

A4 आकाराचं एक पान, अडीचशे ते तीनशे शब्द. हाताने लिहिलं तरी चालतं, अक्षर वाचता आलं म्हणजे झालं.

कोणाला: उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय असेल तर मा. वैद्यकीय अधीक्षक. जिल्हा रुग्णालय असेल तर मा. जिल्हा शल्यचिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयाचं असेल तर मा. अधिष्ठाता. खासगी रुग्णालयात वैद्यकीय संचालक किंवा मेडिकल सुपरिंटेंडेंट. उपजिल्हा रुग्णालयाच्या पत्राची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना जाऊ द्या. मंत्र्यांना आणि वर्तमानपत्राला प्रत पाठवायची हौस असेल तर ती आवरा.

विषय: नुसतं ‘आभार’ लिहिलं की आवक विभागात ते ‘माहितीस्तव’ ठरतं. ‘कर्मचाऱ्यांच्या कामाची नोंद घेण्याबाबत’ असं लिहिलं की पुढे काय करायचं हे टेबलावरच्या माणसाला कळतं.

उपचाराचे आकडे: लसीच्या किती व्हायल दिल्या, क्रिएटिनिन किती होतं, हे डिस्चार्ज कार्डावर असेल तरच लिहा. ऐकीव आकडा चुकला तर अख्ख्या पत्रावरचा विश्वास जातो.

उदाहरणातलं पत्र असं तयार झालं. नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.

> दि. 25 जुलै
>
> प्रति,
> मा. वैद्यकीय अधीक्षक,
> उपजिल्हा रुग्णालय, ..........
>
> विषय: दि. 9 ते 14 जुलै या काळातील उपचारांत कर्मचाऱ्यांनी केलेल्या कामाची नोंद घेण्याबाबत.
> संदर्भ: आंतररुग्ण नोंदणी क्र. ..........
>
> महोदय,
>
> दि. 9 जुलै रोजी सायंकाळी 6:40 वाजता मला शेतात सर्पदंश झाला. 108 रुग्णवाहिकेने 7:35 वाजता मी आपल्या रुग्णालयात दाखल झालो व 14 जुलै रोजी घरी गेलो. 21 जुलैच्या फेरतपासणीत तब्येत ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. या काळातील तीन गोष्टी आपल्या निदर्शनास आणू इच्छितो.
>
> 1. दाखल होताच दुपारपाळीच्या अधिपरिचारिका श्रीमती .......... यांनी पावणेआठ वाजता माझे रक्त चाचणीसाठी नळीत ठेवले आणि नळी हलू नये म्हणून सफाई कर्मचारी श्रीमती .......... यांना सांगितले. त्यांनीही काळजी घेतली. आठ वाजता पाळी बदलली, तरी रात्रपाळीच्या अधिपरिचारिका श्रीमती .......... यांनी 8:05 वाजता नळी पाहिली व लगेच डॉक्टरांना कळवले.
>
> 2. लस सुरू झाल्यावर साधारण पंधरा मिनिटांत मला अंगावर पित्त उठून हुडहुडी भरली. श्रीमती .......... (रात्रपाळी) तेव्हा माझ्याजवळच होत्या. त्यांनी लस थांबवून डॉ. .......... यांना बोलावले. डॉक्टरांनी तत्काळ उपचार केले व त्रास कमी झाल्यावर लस पुन्हा सुरू केली.
>
> 3. त्याच रात्रपाळीत, 10 तारखेच्या पहाटे सव्वादोनच्या सुमारास डॉ. .......... यांनी स्वतः येऊन पुन्हा झालेली चाचणी पाहिली, दुसरा डोस सुरू केला आणि तो का लागतो हे माझ्या भावाला समजावून सांगितले.
>
> पुरुष कक्षातील इतर सर्व कर्मचाऱ्यांचाही मी आभारी आहे. वरील कर्मचाऱ्यांच्या कामाची योग्य ती नोंद घ्यावी, ही विनंती.
>
> हे पत्र रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना दाखवण्यास व बैठकीत वाचण्यास माझी संमती आहे. रुग्णालयाबाहेर वापरायचे झाल्यास माझे नाव, गाव व नोंदणी क्रमांक वगळावा.
>
> आपला,
> (सही, नाव, गाव)
>
> प्रत माहितीसाठी सादर: मा. जिल्हा शल्यचिकित्सक, ..........

शेवटचा संमतीचा परिच्छेद विसरू नका. तो नसेल तर पत्र दाखवायचं की नाही याबद्दल काळजीपूर्वक वागणारा अधिकारी ते दाखवणारच नाही, आणि बेफिकीर असेल तर नाव-गावासकट कुठेही जाईल. खासगी दवाखान्यात ही ओळ जास्तच गरजेची आहे. आपल्या हातून बरे झालेल्या रुग्णांची जाहिरात करायला डॉक्टरांना 2002 च्या व्यावसायिक आचारसंहितेने मनाई आहे, तरी पत्रं समाजमाध्यमांवर झळकतात. आजार खासगी स्वरूपाचा असेल तर पत्रात निदान लिहूच नका. ‘शस्त्रक्रियेसाठी दाखल होतो’ एवढं पुरे, बाकीचं नोंदणी क्रमांकावरून रुग्णालयाला कळतंच.

तपासा: पत्रातली सगळी विशेषणं पेन्सिलीने खोडून पाहा. ‘अत्यंत’, ‘अतुलनीय’, ‘देवदूत’ गेल्यावरही तीनही प्रसंग उभे राहतात का? राहत असतील तर एखादं विशेषण परत घ्यायला हरकत नाही. राहत नसतील तर टप्पा 2 पुन्हा करा.

## टप्पा 7: पत्र द्यायचं कसं

दोन प्रती काढा, दोन्हींवर सही करा. कार्यालयाच्या वेळेत आवक-जावक टेबलावर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. डॉक्टरांच्या हातात ओपीडीत पत्र दिलंत तर ते त्यांच्या खणात राहतं. स्वतःची स्तुती असलेला कागद वर पाठवायला त्यांना संकोच वाटतो.

ईमेलने पाठवायचं असेल तर सही केलेल्या पत्राची पीडीएफ जोडा आणि विषयाच्या ओळीत पत्रातला विषयच टाका. मोबाईलवर काढलेला तिरका फोटो छापता येत नाही. जखमेचे, मेलेल्या सापाचे किंवा कक्षातले फोटो जोडू नका. कक्षाच्या फोटोत शेजारच्या पलंगावरचा रुग्णही येतो, आणि त्याची संमती तुमच्याकडे नसते.

आवक क्रमांक मिळाला की पोच असलेल्या प्रतीची झेरॉक्स काढून कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरना नेऊन द्या. वरून उत्तर येईल किंवा येणार नाही. पण ज्या अधिपरिचारिकेचं नाव त्यात आहे, तिला पुढे कधी आपल्या कामाच्या मूल्यमापनाला हा कागद जोडायचा झाला, तर आवक क्रमांकासकट तो कक्षातच मिळेल.